आकडा आणि गोष्ट एकच सांगू दे

देणगीदाराला द्यायचा अहवाल लिहिण्याआधी मंजूर बजेट समोर ठेव. आपल्या यवतमाळच्या कामात 10 शेततळी कबूल केली होती, प्रत्येकी 50,000 रुपये. झाली 8. दोन ठिकाणी काळ्या मातीखाली कातळ लागला, ब्रेकर लावावा लागला, 60,000 जास्त गेले. म्हणजे खर्च 4,60,000, शिल्लक 40,000. तेवढ्यात नववं तळं होत नाही.

हे असंच लिही, बाई. उपयोगिता प्रमाणपत्रात 5 लाख खर्च आणि अहवालात 8 तळी असली, तर पहिला प्रश्न तिथेच येतो. ब्रेकरच्या बिलावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि मशीनचे तास हवेत. शिल्लक लपवू नकोस. परत करायची की पुढे वापरायची, हे देणगीदाराला लेखी विचार.