कच्चा नकाशा आणि फोटो एकमेकांशी बोलले पाहिजेत

भावा, तुझा अपघाताचा स्पॉट रिपोर्ट वाचला. "मोटारसायकल रस्त्याच्या डाव्या बाजूला पडलेली" असं लिहिलंयस, पण डावी कुणाची, कोल्हापुरातनं सांगलीकडं जाणाऱ्याची का येणाऱ्याची? हे कच्च्या नकाशात एका बाणानं मिटतं, उत्तर दिशा पण टाक.

माप नेहमी हलणार नाही अशा दोन वस्तूंपासनं घे. समजा सांगली फाट्याजवळ विजेचा खांब क आणि मोरीचा कोपरा ख, तर पुढच्या चाकाचा मध्य क पासनं ४.२ मीटर, ख पासनं ६.५ मीटर, आणि क-ख जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला ते पण लिही, नाहीतर तीच मापं दोन जागी बसतात. उभ्या ट्रकपासनं मोजू नकोस, तो तासाभरात हलवत्यात.

मग फोटो. आधी लांबनं, खांब क दिसेल असा, मग जवळनं ब्रेकच्या खुणेचा, शेजारी टेप ठेवून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही रस्त्याचा वाटतो. फोटो ३ जिथनं काढलास तिथं नकाशात ३ आणि बघायची दिशा, आणि वर्णनात पण "ब्रेकची खूण, फोटो ३". वाहनं हलवल्यानंतरचा फोटो असेल तर तसं स्पष्ट लिही. नकाशा प्रमाणात नसला तर "प्रमाणात नाही" हे पण टाक, मापं आकड्यात असली की चालतंय.