आठवणपत्रांनी मुदत वाढत नाही

प्रश्न: वकीलसाहेब, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही पॅनेलचं वायरिंग करून दिलं. काम संपलं आणि बिल दिलं १४ ऑगस्ट २०२३ ला, जीएसटीसकट २,३६,००० रुपयांचं. शेठ फोनवर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मी कितीदा आठवण केली. उद्यम नोंदणी २०२४ ची आहे. आता एप्रिल २०२६ उजाडला. सभ्य पण ठाम असे तीन ईमेल कसे लिहू?

उत्तर: तुम्ही भाषेची काळजी करताय, मला तारखेची आहे. अशा थकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा करायची मुदत तीन वर्षांची. उधारीचे दिवस मिळवून ती थोडी पुढे नेता येईल का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून १४ ऑगस्ट २०२६ हीच शेवटची तारीख धरा. आणि तुम्ही शंभर आठवणी पाठवल्यात तरी ती एका दिवसाने पुढे सरकत नाही. ती सरकते समोरच्याच्या कबुलीने. मुदत कायदा, १९६३ चं कलम १८ म्हणतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने सही करून देणं लेखी मान्य केलं, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. फोनवरचा ‘पुढचा महिना’ इथे शून्य. अडीच वर्षं फोनवर घालवलीत, हे मला अजिबात पटलेलं नाही.

म्हणून तिन्ही ईमेलचं खरं काम पैसे मागण्याआधी उत्तर काढून घेणं हे आहे.

पहिला ईमेल या आठवड्यात जाऊ द्या. यात रागाचा शब्द नको. बिल आणि काम पूर्ण झाल्याचा कागद जोडा आणि लिहा: “आमच्या वहीनुसार आपल्याकडून २,३६,००० रुपये येणे आहेत. खातं जुळवायचं आहे, तरी आपल्या वहीतली शिल्लक कृपया २५ एप्रिलपर्यंत ईमेलने कळवावी.” हिशेबनिसाला खातं जुळवायची सवय असते, तो बरेचदा उत्तर देतो. पण त्याला कंपनीच्या वतीने कबुली देण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न उद्या निघेल. म्हणून शेठना प्रतीत घ्या, आणि उत्तर कंपनीच्या ईमेलवरून, नावासह आलेलं हवं. ईमेलखालचं छापील नाव सही म्हणून चालल्याची उदाहरणं आहेत, तरी कागदावर सही-शिक्का मिळाला तर तोच घ्या.

उत्तर कसं असावं याचाही ताण घेऊ नका. “तुमचे पैसे बाकी आहेत, पण आत्ता देणार नाही” एवढंही पुरतं. नकार जोडलेला असला तरी कबुली ती कबुलीच. “बघतो”, “अकाउंट्सला सांगतो” यांत मात्र देणं मान्य केलेलं नाही.

दुसरा ईमेल दहा-बारा दिवसांनी. आता हप्त्याची दारं उघडा: “एकरकमी जमत नसेल तर ५०,००० रुपये १० मेपर्यंत बँकेतून भरून, ते या बिलापोटी असल्याचं ईमेलने कळवावं. उरलेल्या १,८६,००० च्या तारखाही द्याव्यात.” ती ईमेलची ओळ विसरू नका. कलम १९ नुसार अंशतः भरण्यानेही मुदत नव्याने सुरू होते, पण तो भरणा देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीच्या लिखाणात दिसावा लागतो. नुसत्या बँकेच्या नोंदीवर विसंबू नका. आणि सूट देऊ केलीत तर ती वेगळ्या पत्रात द्या, नाहीतर कोर्टात तोच आकडा तुमच्यासमोर धरतील.

तिसरा ईमेल मेच्या अखेरीस, आणि तोच मजकूर पोचवल्याच्या पुराव्यासह स्पीड पोस्टानेही. यात आधीच्या दोन ईमेलच्या तारखा, रक्कम, पंधरा दिवसांची मुदत आणि व्याजाची स्पष्ट मागणी येऊ द्या. करारात व्याज नसेल तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी मागणीत व्याज मागितलेल्या तारखेपासून ते मिळू शकतं. दर कोर्ट ठरवेल. शेवटी “यानंतर दिवाणी दावा दाखल करू” एवढंच. पोलिसांची धमकी नको, ती उलटते.

कबुली आली नाही, तर जूनमध्ये वकिलाकडे जा, ऑगस्टची वाट पाहू नका. रक्कम तीन लाखांच्या आत असल्याने दाव्याआधीची सक्तीची व्यावसायिक मध्यस्थी तुम्हाला लागू नाही, तेवढा वेळ वाचेल. पुढे तारखा किती पडतील, ते मात्र विचारू नका.

उद्यमच्या जोरावर, छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जायचा विचार असेल, तर त्यावरच विसंबू नका. नोंदणी कामानंतरची असेल तर फायदा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं; २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. कामाआधी नोंदणी केली असती तर आज हा वादच नव्हता.

आणि मोबाइल बदलायचा असेल तर आधी चॅट वाचवून ठेवा. ईमेल पुसू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका. हे कोर्टात पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते करताना मूळ ईमेल किंवा चॅट हाताशी हवेत.