बारा नाण्यांतील वेगळे नाणे: दुसऱ्या वेळी पारडी बदलण्याची युक्ती

प्रश्न: बारा नाण्यांत एक वेगळे आहे, पण ते जड की हलके हे ठाऊक नाही. तीनदाच तोलून कसे शोधायचे? मी सहा-सहा ठेवून सुरुवात करतो आणि दर वेळी अडकतो.

उत्तर: अडचण आपल्या पहिल्याच पावलात आहे. बारांपैकी कोणतेही नाणे जड किंवा हलके असू शकत असल्याने शक्यता २४ आहेत, आणि तराजू दर वेळी तीनच उत्तरे देतो: डावे पारडे खाली, उजवे खाली किंवा दोन्ही सारखी. म्हणून शेवटच्या दोन वेळांत फार तर ९ शक्यता वेगळ्या करता येतात. सहा-सहा ठेवल्यास १२ उरतात, त्यामुळे तो मार्ग तिथेच बंद होतो. चार-चार ठेवल्यास निकाल काहीही लागो, ८च उरतात.

नाण्यांना १ ते १२ क्रमांक द्या आणि १, २, ३, ४ डावीकडे व ५, ६, ७, ८ उजवीकडे ठेवा. पारडी सारखी राहिली तर ही आठही नाणी खरी ठरतात. मग ९, १०, ११ यांना १, २, ३ यांच्याशी तोला. तेही सारखे आले तर वेगळे नाणे १२ क्रमांकाचे, आणि ते १ शी तोलून जड की हलके ते कळते. सारखे न आल्यास दोष जडपणाचा की हलकेपणाचा हे समजलेले असते, म्हणून ९ आणि १० समोरासमोर ठेवणे पुरते. ती सारखी आली तर दोषी ११.

खरी कसोटी डावे पारडे खाली गेल्यावर लागते. मी स्वतः येथे बराच काळ थांबलो होतो, कारण संशयित नाणी एका पारड्यातून दुसऱ्यात नेता येतात हे सुचत नव्हते. आता १ ते ४ पैकी एक जड आहे किंवा ५ ते ८ पैकी एक हलके आहे. डावीकडे १, २, ५ आणि उजवीकडे ३, ४, ६ ठेवा. ७ व ८ बाजूला राहू द्या. पुन्हा डावे खाली गेले तर १ किंवा २ जड, अथवा ६ हलके. उजवे खाली गेले तर ३ किंवा ४ जड, अथवा जागा बदललेले ५ हलके. सारखी राहिली तर ७ किंवा ८ हलके.

तिसऱ्या वेळी पहिल्या स्थितीत १ व २ तोला: जे खाली जाईल ते जड, सारखी आल्यास ६ हलके. दुसऱ्या स्थितीत ३ व ४ तसेच तोला, तिथे सारखी आल्यास ५ हलके. तिसऱ्या स्थितीत ७ व ८ तोला आणि वर जाणारे उचला. आरंभी उजवे पारडे खाली गेले असल्यास हाच विचार जड आणि हलके, तसेच खाली आणि वर हे शब्द अदलून लागू करावा.

तेरा नाणी घेतल्यास वेगळे नाणे तीन वेळांत सापडते खरे, पण ते जड की हलके हे दर वेळी सांगता येत नाही.