जोडू, तोडू की हायफन देऊ? इंग्रजी आणि जर्मन जोडनामांबद्दल

प्रश्न: इंग्रजीत 'बस स्टॉप' दोन शब्द, 'टूथब्रश' एक शब्द आणि 'चेक-इन'ला हायफन. जर्मनमध्ये सगळं जोडायचं असं ऐकलं होतं, पण 'ऊ-बानश्टात्सिओन' लिहिलं तर चूक दिली आणि 'ऊ-बान श्टात्सिओन' लिहिलं तरी चूकच. माझं जर्मन ए-टू चालू आहे, शिवाय इंग्रजीचा पेपरही आहे. कुठे काय करायचं याचा काही नियम आहे का?

उत्तर:

दोन्ही भाषांना मिळून एक नियम नाही. जर्मनमध्ये आधी नियम लावायचा, शब्दकोश अडलं तरच उघडायचा. इंग्रजीत आधी शब्दकोश, आणि नियम फक्त दोन-तीन ठिकाणी. गोंधळ बहुतेक वेळा एका भाषेची सवय दुसरीत नेल्यामुळे होतो, म्हणून मी दोन्ही वेगळ्या घेतो.

जर्मनपासून सुरू करू, कारण ती सोपी आहे. दोन नामं मिळून एका वस्तूचं नाव होत असेल तर ती जोडून लिहायची: बुसहाल्टेश्टेले, त्सानब्युर्स्टे, क्रेडिटकार्टे. मधे जागा सोडायची मुभा नाही. शाळेत शिकलेला तत्पुरुष समास आठवा. 'राजपुत्र' हा पुत्रच असतो, राजा नव्हे, उत्तरपद मुख्य. जर्मनमध्येही तसंच, आणि शब्दाचं लिंगही शेवटचंच पद ठरवतं. टिश हा देर, लांपे ही दी, म्हणून टेबलावरचा दिवा 'दी टिशलांपे'. आर्टिकल चुकत असेल तर शब्द मागून वाचायची सवय लावा. पुढचे तुकडे कितीही लांब असोत, लिंगाच्या बाबतीत त्यांना मत नसतं.

विशेषण आणि नाम आलं की मात्र थांबून बघा. विशेषणाला प्रत्यय लागला असेल तर तो समास नाही, साधा शब्दसमूह आहे. 'आयने ग्रोसे श्टाट' म्हणजे एक मोठं शहर. ग्रोसला 'ए' लागलाय, म्हणून दोन शब्द. 'ग्रोसश्टाट'मध्ये विशेषण उघडंच जोडलंय, म्हणून एक शब्द, आणि अर्थही वेगळा: जर्मन आकडेवारीत एक लाख किंवा जास्त लोकवस्तीच्या शहराला ही संज्ञा लावतात. स्वाध्यायात अडलात तर प्रत्यय शोधा. तो दिसला की तोडा.

आता तुमच्या भुयारी रेल्वे स्टेशनाकडे येतो. 'ऊ-बान' मधला ऊ हे सुटं अक्षर आहे, आणि सुट्या अक्षराला, संक्षेपाला किंवा आकड्याला जर्मनमध्ये हायफन लागतोच: ऊ-बान, एस-बान, टी-शर्ट, ई-मेल. इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. पुढचा नियम बहुतेक पुस्तकं उशिरा सांगतात: हायफन असलेल्या शब्दाला आणखी एक पद जोडलं की सगळ्या पदांमध्ये हायफन द्यायचा. म्हणून 'ऊ-बान-श्टात्सिओन', आणि तसंच 'ई-मेल-आड्रेसे'. अर्धं जोडलेलं आणि अर्धं हायफनचं रूप चालत नाही. तुमची दोन्ही उत्तरं याच एका कारणाने गेली. जर्मनीतल्या पाट्यांवर आणि दुकानांच्या नावांत तुम्हाला मधे जागा सोडलेली रूपं भरपूर दिसतील. त्या जागेला तिकडे चिडून 'डेपनलेअरत्साइखन' म्हणतात, म्हणजे मूर्खांची मोकळी जागा. पाटीवरून शुद्धलेखन उचलू नका.

ई-मेलचा हायफन काढण्याचा मोह होतो, कारण इंग्रजीत तो गेलाय. जर्मनमध्ये हायफनशिवाय 'एमाय' असा एक वेगळा, जुना शब्द आहे आणि लिहिताना तो इंग्रजी ईमेलसारखाच दिसतो. त्याचा अर्थ भांड्यांवरचा इनॅमल.

विशेषनामांचंही असंच. पुण्यात माक्स म्युलर भवनाच्या नावासोबत 'ग्योटे-इन्स्टिट्यूट' वाचलं असेल, तिथे हायफन आहे. नावात दोन तुकडे आले की हायफनही वाढतात: 'माक्स-प्लांक-इन्स्टिट्यूट'. माक्स आणि प्लांक यांच्यात जागा सोडून नुसता शेवटी हायफन द्यायची चूक सर्रास दिसते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण त्यात दोन्ही भाषा समोरासमोर येतात. शब्द आहे प्रथमोपचार पेटी. इंग्रजीत प्रथमोपचार एकटा आला तर 'फर्स्ट एड', दोन शब्द, हायफन नाही. तोच पेटीचं वर्णन करायला पुढे आला की 'फर्स्ट-एड किट': पहिल्या दोघांत हायफन, किटच्या आधी जागा. जर्मनमध्ये एकटा प्रथमोपचार 'एर्स्टे हिल्फे', दोन शब्द, कारण एर्स्टेला प्रत्यय आहे. पण पेटी जोडायची म्हटल्यावर आख्खा शब्दसमूह समासात शिरतो, आणि शब्दसमूह शिरला की सगळीकडे हायफन: 'एर्स्टे-हिल्फे-कास्टन'. आर्टिकल कास्टनचं, म्हणजे देर. जो इंग्रजीच्या वळणाने जातो तो 'एर्स्टे-हिल्फे कास्टन' लिहितो, आणि ज्याने 'सगळं जोडा' एवढंच पाठ केलंय तो 'एर्स्टेहिल्फेकास्टन'. दोन्ही चूक. गाडीत ठेवतात त्या पेटीला 'फेरबांटकास्टन' म्हणतात, दोन नामं, सरळ एक शब्द. तिथे मधे 'स' घातलात तरी चालतं.

तो 'स' म्हणजे जोडअक्षर. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट आणि इओन यांनी संपणाऱ्या पदानंतर तो येतो: वोनुंग्सट्युर, उनिवेर्सिटेट्सबिब्लिओटेक. एवढं डोळे मिटून लावा. बाकीच्या शब्दांना नियम शोधत बसू नका. एकाच रिंट या शब्दापासून 'रिंटफ्लाइश' (काही नाही), 'रिंडरब्राटन' (एर) आणि 'रिंट्सलेडर' (स) अशी तिन्ही रूपं होतात. जोडअक्षर अनेकवचनासारखं दिसलं तरी ते अनेकवचन नसतं. 'ह्युनरआय' हे एकाच कोंबडीचं एकच अंडं. असे शब्द जोडूनच पाठ करावे लागतात.

आता इंग्रजी. इथे मी तुम्हाला नियम सांगायला लागलो तर फसवणूक होईल. खोल्यांची नावं घ्या: बेडरूम, बाथरूम, क्लासरूम एक शब्द, लिव्हिंग रूम, डायनिंग रूम, वेटिंग रूम, कॉन्फरन्स रूम दोन. साधारण कल असा की पहिलं पद छोटं आणि जोडी जुनी, रुळलेली असेल तर ती चिकटते, आणि पहिलं पद लांब असेल तर सुटी राहते. पण बस आणि स्टॉप दोन्ही छोटे, जोडीही जुनी, तरी सुटी. म्हणून हा कल अंदाजाला ठीक, उत्तराला नाही.

बऱ्याच क्लासमध्ये सांगतात की आघात पहिल्या पदावर असेल तर जोडून लिहा. हे निम्मंच खरं आहे. आघातावरून समास आहे की नाही एवढं कळतं: 'ब्लॅकबर्ड' या पक्ष्याच्या नावात जोर ब्लॅकवर, आणि नुसत्या काळ्या पक्ष्याबद्दल बोलताना बर्डवरही. पण 'बस स्टॉप'मध्येही जोर बसवरच असतो, तरी लिहायचं तोडून. आघातावरून अर्थ ठरवा, शुद्धलेखन ठरवू नका.

शिवाय इंग्रजी कोश काळाप्रमाणे बदलतात. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 2007 च्या सहाव्या आवृत्तीने सुमारे 16,000 शब्दांमधले हायफन काढले. आइस क्रीम आणि टेस्ट ट्यूब सुटे झाले. चिकपी, पिजनहोल, क्रायबेबी जोडले गेले. असोसिएटेड प्रेसने आपल्या पत्रकारांच्या नियमावलीत 2011 मध्ये ईमेलचा हायफन टाकला. त्यामुळे जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातली उत्तरपत्रिका आणि आजचा कोश जुळले नाहीत तर घाबरू नका. तुमच्या पेपरसाठी जो कोश प्रमाण मानलाय तो एकच धरा, ब्रिटिश असेल तर ब्रिटिश.

तरीही इंग्रजीत तीन ठिकाणी नियमावर विसंबता येतं. पहिलं, क्रियापद आणि त्याच्यापासून झालेलं नाम. 'वी चेक इन ॲट नून' मध्ये क्रियापद आहे, म्हणून दोन शब्द, नेहमीच. 'द चेक-इन वॉज स्लो' मध्ये नाम आहे, म्हणून हायफन किंवा जोडून. सेट अप आणि सेटअप, लॉग इन आणि लॉगिन, ब्रेक डाउन आणि ब्रेकडाउन, सगळीकडे हेच. नामात हायफन की जोड, ते कोशात बघायचं. क्रियापद मात्र कधी जोडायचं नाही. ओळखायला भूतकाळ करून बघा. 'चेक्ड इन' होतं, म्हणजे चेक स्वतंत्र क्रियापद आहे.

दुसरं, नामाच्या आधी आलेलं मोजमाप: 'फाइव्ह-स्टार हॉटेल', 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. इथे हायफन हवा आणि मधलं नाम एकवचनी: 'फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' नाही. तेच नामानंतर आलं की सुटं आणि अनेकवचनी: 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड'. जर्मन इथे पुन्हा पूर्ण हायफन मागते: 'ड्राय-श्टेर्ने-होटेल', तीन आकड्यात लिहिला तरी. तिन्ही पदं अक्षरांत लिहून जोडलीत तरी चालतं.

तिसरं, पहिल्या पदाच्या शेवटी आयएनजी असलेली जोडी: स्विमिंग पूल, वॉशिंग मशीन, वेटिंग रूम. या जवळजवळ नेहमी दोन शब्द. जर्मन करताना इथेच घसरतात, कारण ते पूर्ण क्रियापद उचलून 'वाशनमशीने' लिहितात. जर्मन फक्त धातू घेते: वाशनमधला 'वाश', म्हणून वाशमशीने, श्विमनमधला 'श्विम', म्हणून श्विमबाट, एसनमधला 'एस', म्हणून एसत्सिमर. वार्टेनपासून मात्र वार्टेत्सिमर, तिथे 'ए' राहतो.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. मोबाइलवर टाइप करून उत्तर देत असाल तर जर्मन स्वाध्यायाच्या वेळी कीबोर्डची भाषा जर्मन ठेवा. इंग्रजीवर ठेवलात तर सुधारणा सुचवताना तो जोडलेले जर्मन शब्द तोडतो, आणि घाईत ते लक्षातही येत नाही. छापील पुस्तकात ओळीच्या शेवटी दिसणारा हायफन हा ओळ मोडल्याचा असू शकतो. तोच शब्द पानावर ओळीच्या मधे कुठे आलाय ते बघून खात्री करा. तुमच्याकडचा स्वाध्याय आणखी कुठे अडत असेल तर शब्द पूर्ण वाक्यासह टाका. नुसत्या सुट्या शब्दावरून, विशेषतः इंग्रजीत, क्रियापद आहे की नाम हे सांगता येत नाही.