रिटेनरच्या पत्रात ‘मानधन’, ‘दर’ की ‘शुल्क’?

प्रश्न : वाशीत माझे हिशेबलेखनाचे छोटे कार्यालय आहे. तुर्भ्याच्या एका कारखान्याचे काम मी सात वर्षे रिटेनरवर करते. एप्रिलपासून रक्कम वाढवायची आहे. पत्रात ‘मानधनवाढ’ लिहावे, ‘दरवाढ’ की ‘शुल्कवाढ’? आणि ‘एक महिन्याची नोटीस’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : तिन्हींपैकी ‘शुल्क’ घ्यावे. मानधन किती द्यायचे हे देणारा ठरवतो. आशा स्वयंसेविका मानधनवाढ मागतात, पण ती वाढ शासन करते. शुल्क मात्र काम करणारा सांगतो, आणि म्हणूनच मराठीत शुल्क ‘आकारतात’, मानधन कोणी ‘आकारत’ नाही. ‘दर’ हा नेहमी एखाद्या एककामागे असतो, म्हणजे तासाचा, पानाचा किंवा व्हाउचरमागचा. रिटेनरमध्ये काम थोडे कमीजास्त झाले तरी महिन्याची रक्कम तीच राहते, त्यामुळे ‘दरवाढ’ वाचून कारखान्याचा लेखापाल ‘कशाचा दर?’ असे विचारील, आणि ते रास्तच ठरेल. करारात ‘रिटेनर’ हा शब्द असेल तर पत्रात पहिल्यांदा ‘ठराविक मासिक शुल्क (रिटेनर)’ असे लिहावे आणि पुढे केवळ ‘शुल्क’ म्हणावे. ‘फी’ही चालते, मात्र ती स्त्रीलिंगी आहे आणि शुल्क नपुंसकलिंगी, म्हणून एकच शब्द शेवटपर्यंत ठेवावा.

खरी अडचण शब्दयोगी अव्यये आणि प्रत्ययांत आहे. ठाण्यातील माझ्या एका परिचितांनी ‘शुल्क १२,००० रुपयांपर्यंत वाढवत आहे’ असे लिहिले होते. त्यांच्या अशिलाने ‘पर्यंत’चा अर्थ कमाल मर्यादा असा घेतला आणि मधलाच एक आकडा देऊ केला. भाषेच्या दृष्टीने चूक अशिलाची नव्हती. ‘ने’ वाढीचा आकडा सांगतो, म्हणून तो आणि नवी रक्कम दोन्ही एकाच वाक्यात द्यावीत. समजा, आजचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि वाढ १० टक्के आहे. तर ‘शुल्क १,८०० रुपयांनी वाढून दरमहा १९,८०० रुपये होईल’ असे लिहावे. तुमची नोंदणी असेल तर पुढे ‘अधिक लागू असलेला वस्तू व सेवा कर’ हे शब्द हवेतच. १८ टक्क्यांनी तो ३,५६४ रुपये होतो, आणि ‘करासह’ की ‘अधिक’ हे न लिहिल्यास वाद तेवढ्याच रकमेचा होतो.

‘एप्रिलपासून’ हेही अपुरे आहे. मार्चच्या कामाचे बिल एप्रिलमध्ये जाते. मग ते जुन्या शुल्काने की नव्या? ‘१ एप्रिलपासून केलेल्या कामासाठी’ असे लिहिले की हा प्रश्न उरत नाही.

‘नोटीस’ शब्द चुकीचा नाही, पण मराठीत नोटीस ‘बजावतात’, आणि घरमालकाची किंवा वकिलाची नोटीस ज्याने पाहिली आहे त्याला ‘एक महिन्याची नोटीस’ वाचून तुम्ही काम सोडत आहात असेच वाटेल. ‘पूर्वसूचना’ लिहावे आणि मुदतीचा शेवट तारखेने सांगावा. करारात मुदत दिलेली असेल तर तीच पाळावी लागेल.

कारणे लिहिताना ‘करण्यात येत आहे’ ही परिपत्रकाची भाषा टाळावी, कारण तिच्यात वाढ करणारा दिसत नाही, आणि सात वर्षे ओळखणाऱ्या माणसाला ते परके वाटते. ‘नाइलाजाने’ही नको, कारण खरे असेल तर नाइलाज सांगावा लागत नाही. ‘तुमच्या वाढलेल्या व्यापामुळे’ या रचनेत ‘मुळे’ दोष त्यांच्याकडे ढकलतो. त्याऐवजी आकडेच शेजारी ठेवावेत. मी मसुदा असा लिहीन. आकडे तुमचे घाला :

‘सात वर्षांपूर्वी आपले काम मी घेतले तेव्हा महिन्याला सुमारे १५० व्हाउचर असत, आता ती २६० च्या आसपास आहेत, आणि तळोज्याच्या दुसऱ्या युनिटची विवरणपत्रेही मीच भरते. या काळात माझ्या साहाय्यकांचे वेतन आणि लेखा सॉफ्टवेअरचा वार्षिक खर्चही वाढला आहे. म्हणून १ एप्रिलपासून केलेल्या कामासाठी मासिक शुल्क १,८०० रुपयांनी वाढवून १९,८०० रुपये, अधिक लागू असलेला वस्तू व सेवा कर, असे आकारण्याचे मी ठरवले आहे. मार्चच्या कामाचे बिल, ते एप्रिलमध्ये दिले तरी, जुन्याच शुल्काने असेल. ही पूर्वसूचना २० फेब्रुवारी रोजी देत आहे. कामाच्या व्याप्तीत काही बदल हवा असल्यास १५ मार्चपर्यंत कळवावे, म्हणजे ३१ मार्चपूर्वी आपल्याला त्यावर बोलता येईल.’

यातला ‘आपले’ आदरार्थी आहे, तर शेवटचा ‘आपल्याला’ दोघांना मिळून आहे. हा दुहेरी अर्थ नको असेल तर शेवटी ‘आपल्याला’ काढून ‘दोघांना’ लिहावे.