बोल्ट टिकला, पण पट्टी फाटली तर?

"सर, मी लातूरला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाळूजच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मुलाखत झाली. लॅप जॉइंट दिला होता: ६ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या, शेजारी-शेजारी दोन एम-१६ बोल्ट, ग्रेड ४.६, भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंत ३० मिमी, गुणक धरून ओढ ७० किलोन्यूटन. शिअरमध्ये बसेना म्हणून मी ८.८ ग्रेड घेतली. मग विचारलं, 'भोक टोकाकडे १० मिमी सरकलं तर?' मी म्हणालो, बोल्ट भक्कम आहे, काही होणार नाही. निवड झाली नाही. चुकलं कुठे?"

ग्रेड बदललीस ते बरोबरच होतं. आटे शिअरच्या पातळीत येतात असं धरून १५७ चौ.मिमी क्षेत्रफळ घेतलं, तर आयएस ८०० प्रमाणे ४.६ चा एक बोल्ट २९ किलोन्यूटन घेतो. दोघांचे ५८, म्हणजे कमीच. ८.८ चे दोन ११६ घेतात. पण तू तिथेच थांबलास. बोल्ट बदलला तरी पट्टी तीच राहिली ना?

पट्टीची बेअरिंग ताकद टोकाच्या अंतरावर अवलंबून असते. ते अंतर भागिले भोकाच्या व्यासाची तिप्पट, असा गुणक त्यात येतो. भोक १८ मिमीचं, म्हणून ३० भागिले ५४, म्हणजे ०.५६. पट्टीचं स्टील ४१० एमपीएचं धरलं तर दोन बोल्टपाशी मिळून सुमारे ८७ किलोन्यूटन मिळतात. ७० ला पुरेसे. आता अंतर २० करून बघ: गुणक ०.३७ आणि ताकद ५८. पट्टी नापास! शिवाय २० मिमी नियमातच बसत नाही. मशीनने गॅस-कटिंग केलेल्या कडेला भोकाच्या दीडपट, म्हणजे निदान २७ मिमी लागतात. भोकाशी पट्टीचा उरलेला छेद वेगळा तपासायचा, तेही विसरू नकोस.

टोकाचं अंतर कमी पडलं की होतं ते टियर-आउट म्हणजे काय, ते मी उमेदवारीत एका शेडच्या कामावर हातात घेऊन पाहिलंय. बोल्ट जसाच्या तसा होता, आणि त्याच्या पुढचा पट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंनी कापला जाऊन बाहेर निघाला होता. नुसतं बेअरिंग असेल तर भोक अंडाकृती होतं, पुढे धातू गोळा होतो, जोड आधी सरकून इशारा देतो. बोल्ट शिअरमध्ये तुटतो तेव्हा मात्र तसा इशारा मिळत नाही. म्हणून मी तरी पट्टी आधी दबेल असाच जोड पसंत करतो, पण टोकाला पुरेसं अंतर ठेवूनच.

पुढच्या मुलाखतीत उत्तर देताना बोल्टचं शिअर, पट्टीचं बेअरिंग आणि उरलेला छेद, हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिही, सर्वांत लहानाला गोल कर, आणि जोड आधी कुठे जाईल ते बोटाने दाखव. सुट्टीत जालन्याच्या किंवा वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये टेप घेऊन जा आणि तयार पट्ट्यांवर टोकाचं अंतर मोजून ड्रॉइंगशी ताडून बघ.