आकार नको, ओळी जुळव

बंगळुरूच्या दुकानाच्या पाटीचा फोटो भाषांतराला आला की तुझी नजर आधी मोठ्या कन्नड अक्षरांवर जाते, आणि तू तेच भाषांतराला घेतोस. पण कर्नाटकात 2024 पासून फलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असणं कायद्याने बंधनकारक आहे. अक्षरं मोठी आहेत ती त्यामुळे. त्यात वेगळा मजकूर असेलच असं नाही.

समज, औषधांच्या दुकानाचा फलक आहे. वर कन्नड, खाली इंग्रजीत ‘श्री लक्ष्मी मेडिकल्स’. कन्नड अक्षर लावून वाचलंस तर तिथेही हुबेहूब ‘श्री लक्ष्मी मेडिकल्स’च निघतं: लिपी कन्नड, शब्द तेच. इथे भाषांतर करण्यासारखं काही नाही. ‘लक्ष्मी औषधालय’ वगैरे तर मुळीच करू नकोस. पत्ता शोधणाऱ्याला ते नाव कुठे सापडणार?

आता फोटो मोठा करून कोपरे बघ. शटरवर चिकटवलेला, फक्त कन्नडमधला हाती लिहिलेला कागद दिसला, तर खरं काम तिथे आहे. दुकान हललंय, गुरुवारी बंद आहे, असलं काहीबाही त्यात असतं.

लिपी येत नसेल तर आकडे धर. फोन नंबर, पिन कोड, वेळा बहुधा कन्नड आणि इंग्रजी दोन्ही मजकुरांत इंग्रजी आकड्यांतच असतात. एखादी वेळ किंवा तारीख एकाच बाजूला दिसली, की ती ओळ वेगळी काढ आणि कन्नड जाणणाऱ्याला तेवढीच विचार. पूर्ण फोटोही सोबत दे, कारण अर्धी कापलेली ओळ त्यालाही लागत नाही.